गायकबुवांच्या सत्काराचे चार शब्द

अखंड हरिनाम सप्ताहात वयोवृद्ध गायकाचा सत्कार असला की माइक हातात घेणाऱ्याला सांगितले जाते, ‘चार शब्द बोला.’ वर्षानुवर्षे भजनात पहिली चाल म्हणणारे बुवा आता ते काम पुढच्यांकडे देणार असतात, आणि गावाच्या वतीने ते सांगायचे असते. भाषण तीन-चार मिनिटांचे पुरते. ते जमले की नाही, हे एका गोष्टीवर ठरते: बुवा नेमके काय करत आले, हे गावाला कळले का?

हे काम बहुतेकांना दिसत नाही. कीर्तनकार समोर नारदाच्या गादीवर उभे असतात. गायक त्यांच्या मागे टाळकऱ्यांत. अभंगाची चाल तोच लावतो. निरूपणाच्या भरात महाराज एखाद्या प्रमाणाचे पहिले दोन शब्द उच्चारतात आणि पुढचा चरण गायकाने तिथल्या तिथे सुरात उचलायचा असतो. त्यासाठी हरिपाठ, ज्ञानेश्वरीतल्या ओव्या आणि शेकडो अभंग तोंडपाठ हवेत. शिवाय महाराजांचा दम कधी सरतो हे ओळखून तेवढा वेळ गाऊन भरून काढायचा, आणि महाराज पुन्हा बोलायला सरसावले की लगेच थांबायचे. महाराज दररोज नवे, त्यांची पट्टी वेगळी, सवयी वेगळ्या. गायक मात्र गावचाच. काही गायक जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेले असतात, पण बरेचसे दिंडीत जुन्या माणसाच्या शेजारी उभे राहून तयार झालेले. बुवांनी चाल कुणाकडून घेतली, हे भाषणात आलेच पाहिजे. वारकऱ्याला आपल्या स्तुतीने अवघडल्यासारखे होते. गुरूचे नाव निघाले की मात्र तो मान डोलावतो.

काल्याच्या दिवशी सत्कार कीर्तन उभे राहण्याआधी उरकावा. मंगलाचरणापासून आरतीपर्यंत कीर्तन सलग चालते, मध्ये तोडणे बरे नव्हे. दहीहंडी फुटल्यावर लोकांचे लक्ष पंगतीकडे लागते, तेव्हा उत्तम भाषणही वाया जाते.

एका गावातले भाषण असे असू शकेल:

‘रामकृष्ण हरी. आबा यंदापासून पहिली चाल म्हणणार नाहीत. ती त्यांच्या शेजारचे दोघे म्हणतील, आबा त्यांच्या मागे टाळ घेऊन उभे राहतील. काकड्याला गारठ्यात पहिला सूर कुणी लावायचा, हा प्रश्न आपल्याला चाळीस वर्षं पडला नाही. परगावचे महाराज दोन शब्द बोलून थांबले की पुढचं आबांकडून आलंच. गौळणीच्या तीन जुन्या चाली आज फक्त त्यांना येतात. त्या ते दर एकादशीला देवळात पोरांना सांगणार आहेत. ज्यांना शिकायच्या आहेत त्यांनी संध्याकाळी यावं. आबा, मंडळाची शाल आणि श्रीफळ स्वीकारा.’

यात ‘गानकोकिळ’ नाही की ‘अष्टपैलू’ नाही. पण चाळीस वर्षे आहेत, तीन चाली आहेत, शिकायची वेळ आहे. हे आधी बुवांच्या शिष्यांना विचारून पक्के करावे. चुकलेली साल किंवा दुसऱ्याची चाल पहिल्या रांगेतले म्हातारे लगेच पकडतात.

बिघडते ते ठरावीक जागी. एक म्हणजे भूतकाळ. ‘बुवा गात होते, त्यांचा आवाज असा होता’ अशी वाक्ये ओळीने आली की समोर बसलेल्या माणसाला स्वतःची शोकसभा ऐकल्यासारखे वाटते. ‘पहिली चाल सोडत आहेत’ एवढेच खरे असते, आणि तेवढेच म्हणावे. दुसरे म्हणजे व्यासपीठावरच्या पाहुण्यांची नावे. ती घेण्यातच तीन मिनिटे जातात.

तिसरी चूक जिव्हाळ्यापोटी होते. भाषण संपताना वक्ता म्हणतो, ‘आता बुवांनी एक अभंग म्हणावा.’ पेटी काळी चारला लागलेली असते आणि वयामुळे बुवांचा आवाज दोन-तीन पट्ट्या खाली उतरलेला असतो. पेटीवाला क्षणात पट्टी बदलतो, पण पखवाज एका सुरात मिळवलेला असतो. गठ्ठे ठोकून तो इतका उतरवायला वेळ लागतो आणि उतरला तरी नाद बसका होतो. मग बुवा वरच्या पट्टीत ओढून गातात, वरच्या सुरावर आवाज फाटतो आणि टाळकरी खाली बघतात. गायला लावायचे असेल तर आदल्या रात्री बुवांना विचारावे, त्यांची आजची पट्टी घ्यावी आणि मृदंगाचार्यांना खालच्या सुराचा दुसरा पखवाज तयार ठेवायला सांगावे. बुवा नको म्हणाले, तर माइकवरून आग्रह करू नये. पुढे चाल म्हणणाऱ्यांपैकी एकाने बुवांचीच एखादी चाल लावावी. बसल्या जागी ते टाळ धरतातच.