घाम तेवढा बोलतो

संकष्टीचा उपवास. साठीतले एक गृहस्थ सकाळी नेहमीप्रमाणे मधुमेहाची ग्लिमेपिराईडची गोळी घेतात आणि मग चंद्रोदयाची वाट पाहत बसतात. आणखी एक गोळी त्यांना नुकतीच सुरू झाली आहे, प्रोप्रानोलॉल. कप उचलताना हात थरथरायचा, म्हणून ती दिली. हात आता छान स्थिर आहे. संध्याकाळी सहा वाजता सदरा घामाने ओला होतो. पंखा वाढवला तरी घाम थांबत नाही. दूधवाल्याचा हिशेब दोनदा चुकतो आणि ते बायकोवर उगाच चिडतात. छातीत धडधड नाही, हात कापत नाही, त्यामुळे साखर उतरली असेल असं कोणाच्याच मनात येत नाही. ग्लुकोमीटर लावला तर आकडा निघतो 52.

प्रसंग कल्पित आहे, पण त्यामागचं शरीरशास्त्र खरं आहे. रक्तातली साखर 70 च्या खाली उतरू लागली की शरीर ॲड्रेनालिन सोडतं. हृदय धडधडतं, हात कापतात, जीव घाबरा होतो. आपण म्हणतो, ‘काहीतरी खायला हवं.’ मेंदू उपाशी पडण्याआधी वाजणारी ही घंटा आहे. ॲड्रेनालिनचा निरोप पेशी ज्या ग्राहकांवर घेतात, त्यांतले बीटा नावाचे ग्राहक बीटा-ब्लॉकर अडवून ठेवतो. जी गोळी हाताचा कंप थांबवते, तीच साखर उतरल्याचा कंपही थांबवते.

घाम मात्र थांबत नाही. घामाच्या ग्रंथींना निरोप पोहोचतो तो ॲसिटिलकोलीन या वेगळ्या रसायनामार्फत, आणि त्या वाटेवर या गोळीचा पहारा नसतो. म्हणून इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेणाऱ्याने बीटा-ब्लॉकर सुरू असताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कारण नसताना घाम फुटला, बोलण्यात गोंधळ झाला किंवा स्वभाव अचानक बदलला, तर धडधडीची वाट न पाहता साखर तपासावी. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर अशी सहसा उतरत नाही.

आपल्या गृहस्थांनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं आणि उपवास तिथेच सोडला. ग्लिमेपिराईडचा अंमल बराच वेळ टिकतो, त्यामुळे साखरेच्या पाण्यानंतर जेवणही लागतं. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, तो घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. थेट दवाखाना गाठावा.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच आठवड्यात माळा झाडताना त्यांना धाप लागली. दमा त्यांना लहानपणी होता. ‘तो गेला,’ असं समजून त्यांनी डॉक्टरांना सांगितलाच नव्हता. बीटा ग्राहकांचे मुख्य दोन प्रकार: पहिला प्रामुख्याने हृदयात, दुसरा श्वासनलिकांच्या स्नायूंत. त्या दुसऱ्या प्रकारामुळे नळ्या सैल राहतात. प्रोप्रानोलॉल दोन्ही अडवतं. नळ्या आवळतात, आणि सॅल्ब्युटामॉलचा पंप ज्या कुलपात किल्ली फिरवतो, तिथे आधीच दुसरी किल्ली अडकलेली असते. पंप मारूनही आराम पडत नाही, ही खूण ओळखावी आणि तातडीने रुग्णालयात जावं. कोणती गोळी घेतली ते तिथे सांगावं, म्हणजे डॉक्टर इप्राट्रोपियमसारखं वेगळ्या वाटेने नळ्या उघडणारं औषधही जोडू शकतात.

गोळीच कशाला, काचबिंदूसाठी दिलेले टिमोलॉलचे थेंबही हे करू शकतात. थेंब अश्रूनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथून यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातो. इतक्याशा थेंबाने दम्याचा झटका आल्याची उदाहरणं वैद्यकाला ठाऊक आहेत. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दम्याबद्दल सांगावं लागतं.

बिसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल ही औषधं मुख्यतः हृदयातल्या ग्राहकांवर काम करतात. त्यामुळे हृदयविकाराची खरी गरज असेल, तर सौम्य दमा असलेल्याला ती कमी मात्रेत, लक्ष ठेवून देता येतात. मात्रा वाढली की हा भेद पुसट होतो, आणि साखर उतरल्याची धडधड याही गोळ्या दडवू शकतात.

हे वाचून आपली चालू गोळी कोणी आपल्या मनाने बंद करू नये. बीटा-ब्लॉकर एकाएकी सोडला की दबून राहिलेलं हृदय उसळतं. ज्याला हृदयविकार आहे त्याला छातीत दुखणं, प्रसंगी झटकाही येऊ शकतो. गोळी बदलायची तर डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवतात.

त्या गृहस्थांच्या कागदावर आता वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलंय: ‘लहानपणी दमा.’ कप उचलताना हात पुन्हा थोडा कापतो. कप अर्धाच भरून घ्यायचा, एवढंच.