फरशीतलं प्रतिबिंब वर जाताना फिकट का होतं?

यवतमाळला आमच्या आतेभावाला त्याच्या जवस तेलाच्या बाटलीचा फोटो हवा होता. खाली चकचकीत फरशी, त्यात बुडापाशी ठळक आणि पुढे विरत जाणारं प्रतिबिंब. मी एडिटिंगमध्ये बाटली उलटी करून सरळ रेषेत फेड दिला. फोटो खोटा वाटला. का, ते शोधताना माझाच एक गैरसमज सापडला.

तुम्हालाही वाटेल की अंतर वाढलं म्हणून प्रतिबिंब फिकटतं. पण 30 सेंमी हवेत प्रकाश काही हरवत नाही. खात्री करायची तर तीच बाटली आरशावर ठेवा: बूड आणि झाकण, दोन्हींची प्रतिबिंबं जवळपास सारखीच उजळ दिसतील. म्हणजे कारण फरशीत आहे.

फ्रेनेलची समीकरणं सांगतात की काच किंवा टाइलचा चकचकीत थर किती प्रकाश परतवेल, हे कोनावर ठरतं. नजर फरशीला जितकी लगटून, तितकं परावर्तन जास्त. आता हिशोब करू. कॅमेरा फरशीपासून 30 सेंमी वर, बाटली 100 सेंमी दूर, तिची उंची 30 सेंमी, थराचा अपवर्तनांक 1.5. बुडाकडून येणारा किरण फरशीशी साधारण 17 अंशांचा कोन करतो, तिथे सुमारे 22 टक्के प्रकाश परततो. झाकणाचा किरण मात्र फरशीवर निम्म्या वाटेत, कॅमेऱ्यापासून 50 सेंमीवर पडतो. त्याचा कोन 31 अंश, आणि परावर्तन फक्त 8.5 टक्के. हाच तो 'नैसर्गिक' फेड.

आता कॅमेरा 100 सेंमीवर न्या. बुडाला 5 टक्के, झाकणाला 4.4. फेड जवळपास गेलाच! माझी चूक इथेच होती: मी वरून काढलेल्या फोटोला खालून दिसणारा फेड चिकटवला होता.

दुसरी गोष्ट धूसरपणाची. टाइल कितीही गुळगुळीत वाटली तरी पृष्ठभाग सूक्ष्म उंचसखल असतो. एखादा कण 1 अंश कललेला असला तर परावर्तित किरण 2 अंश वळतो. पहिल्या मांडणीत झाकणापर्यंतचं अंतर परावर्तनाच्या जागेपासून 58 सेंमी, म्हणून तिथली कड सुमारे 2 सेंमी पसरते. बूड फरशीला टेकलेलं, म्हणून तिथे कड नीट. अंतराचा परिणाम इथे खरा, पण तो उजेडावर नाही, तीक्ष्णतेवर. त्यामुळे खोटा फोटो ओळखायचा तर वरच्या टोकाची अक्षरं पाहा: फिकट पण स्पष्ट असतील तर शंका घ्या.

पांढऱ्या टाइलवर हे सगळं नीट दिसत नाही, कारण टाइलचाच विखुरलेला उजेड 8 टक्क्यांच्या प्रतिबिंबाला झाकून टाकतो. प्रयोग काळ्या फरशीवर करा.