हीच वाटी घेऊन जा

नात परदेशी शिकायला निघाली की आजी चिठ्ठी लिहिते. त्या चिठ्ठीत बहुतेक वेळा आशीर्वाद असतो, थंडीत कानटोपी घाल असं असतं, देवाचं नाव घे असं असतं. हे सगळं मनापासूनच लिहिलेलं असतं. पण तिकडे पहिल्या महिन्यात रात्री नऊ वाजता, भुकेल्या पोटी, अनोळखी शेगडीसमोर उभ्या असलेल्या मुलीला त्यातलं काय उपयोगी पडतं? माझ्या सासूबाईंनी माझ्या मुलीसाठी लिहिलेली चिठ्ठी या प्रश्नाचं उत्तर देते. मुलगी साताऱ्याहून म्युनिकला शिकायला गेली. चिठ्ठी लिहायला सासूबाईंना जवळजवळ महिना लागला, कारण त्यांनी ती देवघरापुढे बसून नाही, ओट्याशी उभं राहून लिहिली.

पहिली अडचण मापाची होती. सासूबाईंचं सगळं अंदाजावर चालतं. तांदूळ मूठभर, पाणी बोटाच्या पेरापर्यंत, मीठ चवीपुरतं. नातीची मूठ लहान, बोटं लांब, आणि तिकडचं पातेलंही वेगळं. म्हणून नात वजनकाटा घेऊन आली. आजी नेहमीसारखं हाताने घेत होत्या आणि ते पातेल्यात पडण्याआधी नात काट्यावर धरत होती. एकाच संध्याकाळी लक्षात आलं की आजींची मूठसुद्धा दर वेळी वेगळी असते. खाणारी माणसं किती, तांदूळ नवा की जुना, बरोबर कढी आहे की नुसतं वरण, यावर ती ठरते. ग्रॅम लिहून यातलं काहीच कळणार नव्हतं.

मग सासूबाईंनी मांडणीतली स्टीलची एक वाटी काढली. तिच्यात दीडशे मिलिलिटर पाणी मावतं आणि जेमतेम सव्वाशे ग्रॅम तांदूळ. चिठ्ठीची सुरुवात या वाटीपासून आहे.

"चि. छकुलीस अनेक उत्तम आशीर्वाद. हीच वाटी घेऊन जा. खाली लिहिलेलं सगळं या वाटीचं आहे. वाटी हरवली तर घाबरू नकोस, कुठलीही एक वाटी घे, पण तांदूळ आणि पाणी दोन्ही तिनेच मोज. नवा तांदूळ असेल तर पाणी थोडं कमी, जुना असेल तर थोडं जास्त. पहिल्यांदा बिघडलं तर दुसऱ्यांदा पाव वाटीचाच फरक कर, एकदम जास्त नको."

पाव वाटीचा फरक ही सूचना मला फार मोलाची वाटते. नवशिका माणूस भात चिकट झाला की पाणी एकदम निम्म्यावर आणतो आणि मग तो कच्चा राहतो. हा लंबक थांबवायला आजीच लागते.

दुसरी गोष्ट कुकरची. आपल्याकडे घरोघरी ॲल्युमिनियमचा कुकर असतो आणि तोच उचलून बॅगेत टाकला जातो. तिकडे अनेक वसतिगृहांत इंडक्शनची शेगडी असते आणि तिच्यावर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. ओळखायची खूण सोपी आहे: फ्रीजवर लावायचं लोहचुंबक कुकरच्या बुडाला लावून बघायचं. चिकटलं तर भांडं चालेल, घसरलं तर नाही. आमच्या कुकरवरून चुंबक घसरलं, तेव्हा स्टीलच्या बुडाचा लहान कुकर घेतला. सासूबाईंनी त्याच्यासोबत रबराची एक जादा रिंग आणि एक जादा सेफ्टी व्हॉल्व्ह कापडात गुंडाळून दिला, कारण त्याच कंपनीचा सुटा भाग तिकडे सहज मिळेल याचा भरवसा नसतो.

पण कुकर बरोबर असला तरी डाळ शिजेलच असं नाही. म्युनिकचं पाणी जड आहे. त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असतो. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारा जो पदार्थ शिजताना सुटायला हवा, त्याला हे कॅल्शियम उलट घट्ट करतं. चार शिट्ट्या होतात, झाकण निघतं, आणि तळाशी डाळीचा दाणा न दाणा वेगळा, वर स्वच्छ पाणी. मुलीला वाटतं आपल्याला वरणही जमत नाही. खरं तर दोष तिचा नसतो. विहिरीच्या पाण्यावर स्वयंपाक केलेल्या बाईला हे पुस्तक न वाचता माहीत असतं. सासूबाईंच्या माहेरची विहीर अशीच जड पाण्याची होती.

"चहाच्या किटलीत पांढरा थर बसायला लागला की समज, पाणी जड आहे. मग तूरडाळ तासभर कोमट पाण्यात भिजव आणि शिजवताना सोड्याची अगदी चिमूट घाल. जास्त घातलास तर साबणासारखी चव येते. आमसूल, चिंच, टोमॅटो, काही आंबट असेल ते डाळ मऊ झाल्यावरच. आधी घातलंस तर शिजणार नाही. आणि फारच कंटाळा आला तर मसुरीची लाल डाळ आण, ती साध्या पातेल्यात पंधरा-वीस मिनिटांत विरघळते. तूर नाही म्हणून उपाशी झोपू नकोस."

शेवटचं वाक्य लिहिताना त्या थोडा वेळ थांबल्या होत्या. आमच्या घरात मसुरीचं वरण कधी झालेलं नाही. घरातली रीत स्वतःच्या हाताने सैल करून देणं हे निरोपाचंच काम आहे, असं मी त्या दिवशी पाहिलं.

तूप द्यायचं त्यांच्या फार मनात होतं. लोणकढ्याची बरणी भरूनही ठेवली होती. पण युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, आणि तूप त्यातच येतं. विमानतळावर तपासणी झाली तर बरणी काढून घेतात, शिवाय दंडही होऊ शकतो. सुक्या खोबऱ्याचीही अशीच अडचण. त्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात ते धोक्याच्या मालात धरतात. त्यामुळे वाटीखोबरं राहिलं आणि भाजून-कुटून तयार केलेला गोडा मसाला गेला. तुपाच्या जागी कृती गेली.

जर्मनीत दोन तऱ्हेचं बिनमिठाचं लोणी मिळतं. एक गोड सायीचं आणि दुसरं विरजलेल्या सायीचं. दुसऱ्याला तिकडे 'झाउअरराम-बुटर' म्हणतात. आपलं घरचं तूपही विरजलेल्या सायीच्या लोण्याचंच असतं, त्यामुळे या लोण्याचं तूप वासाला आपल्या तुपाच्या जवळ जातं. हे नातीने शोधून काढलं आणि आजींनी चिठ्ठीत घातलं.

"अडीचशे ग्रॅमच्या पाकिटाचं आपल्या वाटीने साधारण दीड वाटी तूप होईल. मंद आचेवर ठेव. आधी जोरात तडतडेल, ते पाणी उडतंय. आवाज बारीक झाला की लक्ष दे, फोनवर बोलत बसू नकोस. तळाशी बेरी बदामी झाली, वर बारीक फेस आला आणि आवाज थांबत आला की पातेलं शेगडीवरून उचलून बाजूला ठेव. नुसतं बटण बंद करून भागणार नाही."

बटणाविषयीचं हे वाक्य एका लहानशा अपघातातून आलं. नात जाण्याआधी सरावासाठी आम्ही काचेच्या पृष्ठभागाची विजेची शेगडी आणली होती. गॅस बंद केला की आच त्या क्षणी जाते. ही शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. पहिलं तूप तिच्यावर करपलं. दुसऱ्या दिवशी फोडणी करपली. तेव्हा सासूबाईंनी फोडणीचं कलम नव्याने लिहिलं. तेल तापलं का ते पाहायला मोहरीचा एकच दाणा टाकायचा. तो तडतडला की बाकीची मोहरी घालून झाकण ठेवायचं. आवाज ओसरताच कढलं शेगडीवरून उचलायचं आणि मग हिंग, हळद, तिखट हवेतच घालायचं. तेलातली ऊब त्यांना पुरते.

यात चवीपेक्षाही मोठं कारण आहे. जर्मनीत राहत्या खोल्यांमध्ये छताला धूर ओळखणारं यंत्र बसवणं बंधनकारक आहे. करपलेल्या मिरचीच्या ठसक्याने ते कर्कश वाजू लागतं. काही इमारतींत त्याची वर्दी थेट अग्निशमन दलाला जाते आणि नाहक आलेल्या बंबाचं बिल राहणाऱ्याला भरावं लागू शकतं. "फोडणीआधी खिडकी उघड, खोलीचं दार लाव. बर्फ पडत असला तरी उघड," असं चिठ्ठीत अधोरेखित आहे.

फोनच्या वेळेचंही कलम आहे, आणि ते बाकीच्यांनी उचलण्यासारखं आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळ तासाने मागे जातं. त्याआधी आपण साडेतीन तास पुढे असतो, नंतर साडेचार. सासूबाई साडेनऊला झोपतात. म्हणजे नातीला संध्याकाळी सहाच्या आत फोन करावा लागे, तो एका रात्रीत पाचच्या आत करावा लागू लागतो आणि तेव्हा ती बहुधा वर्गात असते. नेमकी दिवाळी याच सुमाराला येते. बोलणं अचानक तुटलं की दोन्हीकडे वाटतं, समोरच्याला वेळ नाही. त्यांनी आधीच लिहून ठेवलं: "घड्याळ बदललं की आठवडाभर चुकामूक होईल. रुसू नकोस, मीही रुसणार नाही. रविवारी तुझ्या सकाळी बोलू."

आजारपणाचं कलम सर्वांत शेवटी आहे. चिठ्ठीचा तेवढा भाग त्यांनी वेगळ्या कागदावर, मोठ्या अक्षरात काढला आणि तो मेतकुटाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. तापात माणूस वही शोधत नाही, डबा उघडतो, हे त्यांचं म्हणणं.

"पाव वाटी तांदूळ, अडीच वाट्या पाणी, अर्धा तास मंद आचेवर. दाणा बोटाने दाबला की पीठ व्हायला हवा. मीठ, चमचाभर तूप, दोन चमचे मेतकूट. एवढं पोटात गेलं की मग पड. ताप उतरत नसेल किंवा रात्री दवाखाने बंद असतील तर ११६११७ हा नंबर लाव, तिथे डॉक्टर मिळतात. श्वास लागला, शुद्ध हरपतेय असं वाटलं तर ११२. शेजारच्या खोलीचं दार वाजव, भीड धरू नकोस. मला फोन त्यानंतर कर. मी इथून रडण्यापलीकडे काही करू शकत नाही, आणि ते मी तू बरी झाल्यावर करीन."