खात्यात १४८ पौंड असताना ६२ पौंडांचा हप्ता परत का गेला?

डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या भाच्याने लेस्टरहून बँक स्टेटमेंटचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "मामू, बँकेने माझ्याकडून व्याज कापलं आहे. कसं झालं ते कळत नाही. अम्मीला एवढ्यात सांगू नका."

व्याजाची रक्कम होती ५८ पेन्स. एका चहालाही ती पुरत नाही. पण घरून निघताना आमच्या आपाने त्याला एकच बजावले होते की कर्ज झाले तरी चालेल, पण व्याजात पडू नकोस. म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो, त्याने तिकडे फोन हाती घेतला, आणि दोघांनी मिळून ते स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचले. ज्यांची मुले सप्टेंबरमध्ये ब्रिटनला गेली असतील, त्यांनाही हा हिशेब उपयोगी पडेल.

तिकडे रोजच्या व्यवहाराच्या खात्याला करंट अकाउंट म्हणतात. आपल्याकडे हे नाव व्यापाऱ्यांच्या खात्याला आहे, तिथे मात्र विद्यार्थ्याचेही तेच असते. २९ ऑक्टोबरला भाचा लंडनची तीन दिवसांची सहल आटोपून परतला. हॉटेलचे बिल चुकते झाले होते आणि स्टेटमेंटवर शिल्लक होती १४८ पौंड. दर महिन्याच्या १ तारखेला वीज-गॅसचा ६२ पौंडांचा हप्ता जायचा. नोव्हेंबरची १ तारीख शनिवारी आली, म्हणून तो सोमवारी, ३ तारखेला निघाला. सुट्टीच्या दिवशी असे हप्ते कापले जात नाहीत, पुढच्या कामाच्या दिवशी जातात. स्टेटमेंटवर त्या दिवशी दोन ओळी दिसत होत्या. पहिल्या ओळीत DD असे लिहून ६२ पौंड वजा, शिल्लक ८६. लगेच खाली तेच ६२ पौंड परत जमा, शिल्लक पुन्हा १४८. म्हणजे हप्ता गेला आणि न भरताच परतला.

१४८ मधून ६२ का निघू नयेत? याचे उत्तर त्या स्टेटमेंटवर कुठेच नव्हते. आम्ही त्याला विचारले, "हॉटेलात शिरताना कार्ड दुसऱ्यांदा लावायला सांगितलं होतं का?" तो म्हणाला, "हो, डिपॉझिट म्हणून १०० पौंड. पण ते कापले नाहीत, नुसते अडवून ठेवले, असं ते म्हणाले."

गोम इथेच होती. हॉटेल किंवा भाड्याची गाडी देणारे लोक कार्डावर काही रक्कम रोखून धरतात. पैसे आपल्या खात्यातच असतात, पण त्यांना हात लावता येत नाही. स्टेटमेंटवर फक्त पूर्ण झालेले व्यवहार छापले जातात, रोखलेली रक्कम त्यावर येत नाही. ती बँकेच्या अ‍ॅपमध्ये Pending या मथळ्याखाली दिसते. तिथे शिल्लकही दोन आकड्यांत असते. Balance म्हणजे वहीवरची शिल्लक, आणि Available balance म्हणजे आज खर्च करता येण्याजोगी शिल्लक. भाच्याची पहिली १४८ होती, दुसरी फक्त ४८. हप्ता द्यायचा की नाही हे बँकेने दुसऱ्या आकड्यावरून ठरवले.

हॉटेल सोडले तरी अशी रक्कम लगेच सुटतेच असे नाही. हॉटेलने आपणहून सोडली नाही तर ती मुदत संपेपर्यंत अडकून राहते आणि त्यात आठवडाभर सहज जातो. भाच्याचे १०० पौंड ५ नोव्हेंबरला मोकळे झाले. निघतानाच "होल्ड सोडा" असे सांगून तशी पावती घेतली असती, तर बँकेला दाखवायला हाती काही तरी राहिले असते.

आता व्याजाकडे येऊ. हप्ता परत गेल्याने तो घाबरला. अ‍ॅपमध्ये ओव्हरड्राफ्टची सोय दिसत होती. १०० पौंडांची मर्यादा त्याने मंजूर करून घेतली. त्याला वाटले, ही नुसती ढाल आहे, वापरली नाही तर काही लागणार नाही. वापरली नाही तर खरेच काही लागत नाही. पण ८ तारखेला त्याने थंडीचा कोट आणि बूट घेतले, ९६ पौंडांचे. शिल्लक राहिली ५२. वीज कंपनीने पत्राने कळवल्याप्रमाणे १३ तारखेला ६२ पौंड पुन्हा मागितले. या वेळी बँकेने ते दिले आणि शिल्लक शून्याखाली १० गेली. १४ तारखेला मोबाईलचे १५ गेले, उणे २५. १७ तारखेला व्यायामशाळेचे २५ गेले, उणे ५०. या आकड्यांपुढे स्टेटमेंटवर OD असे लिहिले होते. भाच्याला ते कसले तरी सांकेतिक अक्षर वाटले. २८ तारखेला दुकानातल्या कामाचा पगार जमा झाला, तेव्हा कुठे खाते वर आले.

शाळेत व्याजाचे गणित शिकवतो तसेच आम्ही मांडले. १० पौंड १ दिवस, २५ पौंड ३ दिवस आणि ५० पौंड ११ दिवस. मिळून एका दिवसाचे ६३५ पौंड. त्याच्या खात्याचा दर वर्षाला ३९.९ टक्के होता, चक्रवाढ धरून. त्याचे रोजचे व्याज १०० पौंडांमागे साधारण ९ पेन्स पडते. ६३५ पौंडांचे झाले ५८ पेन्स. बँकेचा हिशेब बरोबर होता.

तिकडे वर्षानुवर्षे राहणारे आमचे एक नातलग सांगतात की पूर्वी बँका ओव्हरड्राफ्टला दिवसाला ठरावीक दंड लावत. एप्रिल २०२० पासून नियम बदलला. आता ठरावीक दंड लावता येत नाही, फक्त वार्षिक दराने व्याज घेता येते, आणि न विचारता उणे गेल्यास दर जास्त लावता येत नाही. ग्राहकाच्या खिशाला हे बरे झाले. पण आपल्या घरांच्या दृष्टीने यातून एक गोष्ट उघड झाली. ज्याला लोक सवयीने 'ओव्हरड्राफ्ट फी' म्हणतात, ते नावानिशी व्याजच आहे.

मग आम्ही दोघांनी तीन कामे केली. अ‍ॅपमध्ये ओव्हरड्राफ्टची मर्यादा शून्यावर आणली. मर्यादा शून्य असली तरी काही खात्यांत बँक एखादा हप्ता देऊन टाकते आणि खाते उणे जाते. ज्याला हा धोकाच नको, त्याने बेसिक बँक अकाउंट मागावे. त्यात ओव्हरड्राफ्ट नसतो, आणि पैसे नसल्याने हप्ता परत गेला तरी बँक दंड घेत नाही.

दुसरे, डायरेक्ट डेबिटची यादी उघडली. डायरेक्ट डेबिट म्हणजे कंपनीने आपल्या खात्यातून पैसे मागून घ्यायची आपण दिलेली परवानगी. मोबाईल आणि व्यायामशाळेला कळवून त्यांच्या तारखा पगारानंतरच्या करून घेतल्या. ही परवानगी बँकेत केव्हाही रद्द करता येते, पण तेवढ्याने देणे मिटत नाही, करार संपवायचा तर कंपनीलाही कळवावे लागते. कंपनीने चुकीची रक्कम घेतली, तर डायरेक्ट डेबिट गॅरंटीप्रमाणे बँकेने ती पूर्ण परत करायची असते. भाच्याच्या बाबतीत चूक कोणाचीच नव्हती, म्हणून तो मार्ग लागू नव्हता.

तिसरे काम त्याचे एकट्याचे होते. त्याने त्या रात्री अम्मीला फोन करून सगळे सांगितले. आपाने ऐकून घेतले आणि विचारले, "आता अ‍ॅपमधला कुठला आकडा बघायचा?"

"खर्च करता येण्याजोगा, अम्मी. दुसरा."

"मग दर जुम्याला तो मला पाठवत जा."

तेव्हापासून दर शुक्रवारी आपाच्या मोबाईलवर एक आकडा येतो.