१५ तारखेची रात्र नेमकी कुठली?

मराठी वाचकाला ‘प्रकाशनपूर्व सवलत’ नवी नाही. ग्रंथ छापून यायच्या आधी पैसे भरा, कमी किमतीत घ्या. प्रकाशकाला कागदाचे पैसे मिळतात आणि किती प्रती काढायच्या याचा अंदाज येतो. ऑनलाइन कोर्सची ‘अर्ली बर्ड’ किंमत हा त्यातलाच प्रकार. बॅच भरेल की नाही हे शिकवणाऱ्याला आधी कळतं, आणि त्या निश्चिंतीच्या बदल्यात तो किंमत उतरवतो. फरक असा की पुस्तक निदान हातात येतं. कोर्समध्ये काय मिळणार, हे इन्स्टाग्रामच्या पोस्टखालच्या चार ओळींवरून ठरवावं लागतं. भांडणं तिथूनच सुरू होतात.

समजा, एक शिक्षिका मोडी लिपीचा कोर्स काढते आहे. तिचा पहिला मजकूर असा: ‘मोडी शिका! अर्ली बर्ड ऑफर फक्त १५ तारखेपर्यंत! भरपूर बोनस! त्वरा करा!’ यात उत्साह आहे, माहिती नाही. १५ धरून की सोडून? ‘१५ तारखेला रात्री १२ वाजता’ म्हटलं तर गोंधळ आणखी वाढतो, कारण निम्मे लोक १४ ची रात्र संपते ते १२ धरतात आणि निम्मे १५ ची. म्हणून ११:५९ लिहायचं, वार लिहायचा आणि ‘भारतीय वेळ’ हे दोन शब्दही. मोडी शिकायला न्यू जर्सीतूनही कुणी येतं. इथे रविवारी रात्री ११:५९ होतात तेव्हा नोव्हेंबरात तिथे दुपारचा दीड वाजायला आलेला असतो.

दुसरी मेख पैशांची. फॉर्म वेळेत भरला, पण यूपीआयचा व्यवहार अडकला आणि पैसे दुसऱ्या दिवशी पोचले, तर सवलत द्यायची का? मी तरी देईन. पण काय ते आधी लिहिलेलं असावं. किमतीतही तसंच. शिक्षिकेला जीएसटी लागू असेल, तर ‘फक्त २,४००’ लिहून पैसे भरताना १८ टक्के चढवून २,८३२ दाखवणं बरं नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत किंमत अशी टप्प्याटप्प्याने उघड करणं आणि खोटी घाई निर्माण करणं, दोन्ही आहेत. जागा शिल्लक असताना ‘शेवटच्या ३ जागा’ म्हणणं हे त्या दुसऱ्यात मोडतं.

सुधारलेला मजकूर असा होईल:

‘मोडी लिपी, पहिली पायरी. १५ नोव्हेंबर २०२६, रविवार, रात्री ११:५९ पर्यंत (भारतीय वेळ) २,८३२ रु.; त्यानंतर ४,१३० रु. दोन्ही रकमा जीएसटीसह. पैसे भरण्याची वेळ धरली जाईल, फॉर्मची नाही. व्यवहार अडकल्यास त्याच रात्री स्क्रीनशॉट पाठवा, सवलत मिळेल. तुम्हाला मिळेल: २८ नोव्हेंबरपासून चार आठवडे शनिवार-रविवारी झूमवर सव्वा तासाचे ८ थेट वर्ग, त्यांची रेकॉर्डिंग ३० जून २०२७ पर्यंत, सरावाची पीडीएफ आणि ४ स्वाध्याय तपासून. बोरू-शाई तुमची. प्रमाणपत्र सहभागाचं. पहिल्या वर्गाआधी कळवल्यास पूर्ण पैसे परत. लिंक बायोमध्ये.’

मजकुराच्या पहिल्या दोनेक ओळीच दिसतात, बाकीचं ‘more’ दाबल्यावर. म्हणून तारीख आणि सवलतीची किंमत वर. ‘रेकॉर्डिंग कायमस्वरूपी’ असं लिहायचा मोह होतो, पण कोर्स ज्या प्लॅटफॉर्मवर आहे त्याचं भाडं ती कायम भरणार आहे का? तारीखच बरी. ‘स्वाध्याय तपासून’ याच्या आधी आकडा नसता, तर एखाद्या हौशी विद्यार्थ्याने आजोबांच्या पेटीतला अख्खा दस्त वाचायला पाठवला असता. आणि बोरू-शाईचं वाक्य नसतं, तर पार्सल कधी येणार, अशी विचारणा झाली असती. जे मिळणार नाही तेही लिहावं लागतं, ते यासाठी.

विकत घेणाऱ्याने ४,१३० या आकड्याकडेही जरा रोखून पाहावं. त्या किमतीला कोर्स खरोखर कधी विकला जातो का? १६ तारखेला पान उघडून बघितलं की कळतं. ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ’ नाटकाच्या जाहिरातीत शोभते. इथे तिचा अर्थ, १५ च्या रात्री धावपळ करून पैसे भरणाऱ्याला उगाच पळवलं, एवढाच होतो. वर्गाच्या तारखाच पुढे गेल्या तर गोष्ट वेगळी, पण मग तसं कारण देऊन सांगावं.

शिक्षिकेलाही १६ च्या सकाळी एक काम उरतं: जुन्या पोस्टचा मजकूर बदलून ‘सवलत संपली, आता ४,१३० रु.’ असं लिहायचं. व्हॉट्सॲपवर फिरलेलं चित्र मात्र परत बोलावता येत नाही, म्हणून त्या चित्रावरही पूर्ण तारीख हवी, सालासकट.