चोवीस पानांची स्पर्धा आणि शंभर लोकांचा कौल

एकाच जाहिरातीची दोन रूपे तयार करायची, येणाऱ्या लोकांपैकी कोणाला कोणते रूप दिसेल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरू द्यायचे आणि कोणत्या रूपाला जास्त प्रतिसाद मिळतो ते मोजायचे, याला स्प्लिट टेस्ट किंवा ए/बी टेस्ट म्हणतात. मोजणी सोपी असते. आकड्यांतला फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवणे अवघड असते.

डिसेंबर २००७ मध्ये बराक ओबामा यांच्या प्रचार संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर अशी चाचणी झाली. चार प्रकारची बटणे आणि सहा छायाचित्रे-व्हिडिओ यांच्या जोड्यांतून २४ पाने तयार करण्यात आली. सुमारे ३ लाख १० हजार लोक आले, म्हणजे प्रत्येक पानाच्या वाट्याला साधारण १३,००० जण. मूळ पानावर ८.२६ टक्के लोकांनी ईमेल पत्ता नोंदवला. कुटुंबाचे छायाचित्र आणि ‘लर्न मोअर’ हे बटण असलेल्या पानावर ११.६ टक्के जणांनी. प्रचारातल्या मंडळींची पसंती आधी एका व्हिडिओला होती. प्रत्यक्षात सगळेच व्हिडिओ छायाचित्रांच्या मागे पडले.

हीच चाचणी प्रत्येक पानाला शंभर माणसे मिळताच थांबवली असती तर? मूळ पानावर आठ आणि विजेत्या पानावर बारा नोंदी, असे काहीसे चित्र दिसले असते. ऐकायला ही दीडपट वाढ. पण दोन्ही पाने तंतोतंत सारखी असली, तरी शंभर-शंभर माणसांत चार नोंदींचा किंवा त्याहून मोठा फरक तीनांत एकदाहून अधिक वेळा पडतो. ‘फरक मुळात नाही असे धरले, तर इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती’ या संख्येला पी-मूल्य म्हणतात. ते ५ टक्क्यांच्या खाली गेले की निकाल सार्थ मानण्याची रूढी आहे. (त्याचा अर्थ ‘नवे पान ९५ टक्के खात्रीने सरस’ असा नव्हे, जरी तो सर्रास तसा लावला जातो.) उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. ११.६ आणि ८.२६ हेच खरे दर असले, तरी शंभर-शंभर माणसांच्या चाचणीत दर पाच वेळांत साधारण एकदा कमी दराचे पान पुढे दिसेल. पाचशे-पाचशे माणसे घेतली की ही चूक शंभरात सुमारे चार वेळांवर येते, आणि १३,००० वर ती उरतच नाही.

स्पर्धक वाढले की फसगत आणखी वाढते. चोवीसही पाने सारखीच, ८.२६ टक्क्यांचीच, आहेत असे समजू. प्रत्येकी शंभर माणसांवर त्यातले सर्वांत भाग्यवान पान १३-१४ टक्के दाखवेल, तर सर्वांत कमनशिबी तीनेक टक्के. विजेता जाहीर करणारा ‘साठ टक्के सुधारणा’ सांगेल आणि पुढच्या महिन्यात ती सुधारणा गायब होईल. छोट्या नमुन्यात सार्थकतेची रेघ ओलांडायला फरक फार मोठा दिसावा लागतो. त्यामुळे जी पाने ती ओलांडतात, त्यांत दैवाची साथ मिळालेलीच जास्त असतात, आणि विजेत्याचा आकडा फुगलेला निघतो.

यावर उपाय चाचणीआधीच करायचा असतो: किती फरक पकडायचा ते ठरवून त्याला लागणारी माणसे मोजायची. ओबामांच्या पानाइतका, चाळीस टक्क्यांचा फरक दहांपैकी आठ वेळा पकडता यावा यासाठी प्रत्येक बाजूला सुमारे १,३०० माणसे पुरतात. फक्त दहा टक्के वाढ, ८.२६ वरून ९.१, पकडायची तर ती संख्या १८,००० च्या घरात जाते. फरक अर्धा झाला की माणसे साधारण चौपट लागतात. थोडी गर्दी असलेल्या दुकानदाराने म्हणूनच बटणाचा रंग तपासण्यापेक्षा दोन अगदी वेगळी चित्रे तपासावीत. बारीक फरक त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे.

ठरलेली संख्या पूर्ण होईपर्यंत थांबणे मात्र अनेकांना जमत नाही. रोज सकाळी आकडे उघडायचे आणि पी-मूल्य ५ टक्क्यांखाली दिसताच चाचणी बंद करायची, ही सवय फार पसरलेली आहे. सारख्या अंतराने पाच वेळा असे डोकावले, तर फरक नसताना विजेता घोषित होण्याची शक्यता ५ वरून १४ टक्क्यांवर जाते. दहा वेळा डोकावले तर सुमारे १९ वर. मध्येच पाहायचेच असेल, तर त्यासाठी आखलेल्या क्रमिक चाचण्या आहेत. त्यांत प्रत्येक वेळची रेघ अधिक कडक ठेवलेली असते.

आणि माणसांची वाटणी खरोखर चिठ्ठीनेच व्हायला हवी. जाहिरातीच्या मंचांवर दोन चित्रे एकाच मोहिमेत सोडली, तर यंत्रणा पहिल्या काही क्लिकांवरून एकाकडे जास्त लोक वळवते आणि प्रत्येक चित्राला वेगळ्या वृत्तीचे लोक मिळतात. अशा आकड्यांवर कितीही मोठा नमुना घेऊन पी-मूल्य काढले, तरी ते चित्रांची तुलना करत नाही, दोन वेगळ्या गर्दींची करते.