अहवालातून सादरीकरण – भाग ७ : तलावाचा अहवाल आणि हरवलेला मजकूर

शीर्षकशैलींचं काम मागच्या भागात संपलं. आज स्लाइड मास्टर घ्यायचा ठरलं होतं, पण तो पुढच्या आठवड्यावर टाकतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातून एका वाचकांचा प्रश्न आला आहे. तो सोडवल्याशिवाय मास्टरचा उपयोग व्हायचा नाही.

हे वाचक गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेचं काम पाहतात. गावच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावावर त्यांनी वर्डमध्ये ३६ पानांचा अहवाल लिहिला आहे. आधी ग्रामसभेपुढे आणि मग जिल्हा परिषदेत तो वीस मिनिटांत मांडायचा आहे. त्यांनी पॉवरपॉइंट उघडलं, Home वर New Slide च्या बाणाखालची Slides from Outline ही आज्ञा घेतली आणि अहवालाची फाइल दाखवली. दोनशेच्या वर स्लाइड तयार झाल्या. प्रत्येक परिच्छेद एका स्लाइडचं शीर्षक होऊन बसला होता. मग त्यांनी आपला मागचा भाग वाचून आठही प्रकरणांच्या नावांना Heading 1 दिलं आणि फाइल पुन्हा घेतली. आता स्लाइड आठ आल्या, पण प्रत्येकीवर फक्त नाव. ते विचारतात, ‘बाकीचा मजकूर गेला कुठे?’

मजकूर वर्डमध्येच आहे. पॉवरपॉइंटने तो घेतला नाही, आणि दोन्ही वेळा त्याचं वागणं एकाच नियमाने झालं. फाइलमध्ये शीर्षकशैली सापडली, तर पॉवरपॉइंट तेवढीच वाचतं. Heading 1 म्हणजे नव्या स्लाइडचं शीर्षक, Heading 2 म्हणजे त्याखालचा मुद्दा, Heading 3 म्हणजे उपमुद्दा. Normal शैलीतला मजकूर ते सोडून देतं, तक्ते आणि छायाचित्रंही घेत नाही. एकही शीर्षकशैली सापडली नाही, तर कशाला महत्त्व द्यायचं हे ठरवायला त्याच्याकडे काहीच उरत नाही आणि प्रत्येक परिच्छेद स्लाइड होतो. अक्षरं हाताने ठळक आणि मोठी केलेली असली तरी त्याला ती शीर्षकं वाटत नाहीत.

आराखड्यातून स्लाइड काढण्याची ही पद्धत पॉवरपॉइंटच्याही आधीची आहे. पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉशवर आलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९८६ मध्ये, डेव्ह वाइनर यांच्या कंपनीचा ‘मोअर’ हा कार्यक्रम आराखड्यातून मुद्द्यांचे तक्ते तयार करत होता. मला या कार्यक्रमाबद्दल विशेष प्रेम आहे. लेखनाची पातळी ठरली की स्लाइड ठरते, ही कल्पना त्यात स्पष्ट दिसते. आपल्या वाचकांच्या अहवालात नेमक्या याच पातळ्या ठरलेल्या नाहीत.

त्यांच्या अहवालाचं पाचवं प्रकरण घेऊन पाहू. नाव आहे ‘सद्यस्थिती’, आणि लांबी पाच पानं. मालगुजारी पद्धत संपल्यानंतर तलावाची देखभाल कशी ढासळली, गाळ कसा साचला, उथळ कडेने बेशरम कशी पसरली, पाण्यातल्या देशी वनस्पती का कमी झाल्या आणि त्यांच्या आधाराने वाढणाऱ्या गावठी माशांचं काय झालं, हे सगळं त्यात आहे. शेवटी संस्थेच्या सभासदांनी आणि बायकांनी उन्हाळ्यात बेशरम उपटून काय केलं, तेही आहे. मजकूर उत्तम आहे. पण ‘सद्यस्थिती’ हे नाव आतलं काहीच सांगत नाही.

मूळ अहवालाला हात लावू नका. आधी त्याची प्रत वेगळ्या नावाने जतन करा, पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करायचं आहे. मग वर्डमध्ये View → Outline घ्या. आराखड्याच्या पट्टीवर Show First Line Only असा चौकोन आहे, त्यावर खूण करा. प्रत्येक परिच्छेदाची पहिलीच ओळ दिसेल आणि पाच पानांचं प्रकरण एका पडद्यावर मावेल. आता एकेका परिच्छेदाला विचारा की वीस मिनिटांत याचं कोणतं एक वाक्य सांगायलाच हवं. ते वाक्य परिच्छेदाच्या वर नव्या ओळीत लिहा आणि कंट्रोल, ऑल्ट आणि २ दाबून त्याला Heading 2 करा. परिच्छेद खाली तसाच राहू द्या.

अख्खा परिच्छेद Heading 2 करून टाकण्याचा मोह होतो, आणि इथेच बहुतेक सादरीकरणं बिघडतात. तसं केलं की पाच ओळींचा परिच्छेद पाच ओळींचा मुद्दा होऊन स्लाइडवर येतो. बोलणारा तो वाचून दाखवतो, आणि ग्रामसभेतली माणसं त्याच्या आधीच वाचून मोकळी होतात.

‘सद्यस्थिती’चं पहिलं रूप असं झालं :

तलावाची खोली गाळाने आणि बेशरमीने खाल्ली (Heading 1)
– मालगुजारी संपली आणि पाळीची राखण थांबली (Heading 2)
– गाळ साचून कडा उथळ झाल्या (Heading 2)
– उथळ कडांवर बेशरम पसरली (Heading 2)
– देशी पाणवनस्पती गेल्या, गावठी मासे घटले (Heading 2)
– उन्हाळ्यात बेशरम उपटून देशी रोपं लावली (Heading 2)

शीर्षक आता विधान झालं आहे. मुद्द्यांमध्ये कारण आणि परिणाम यांची साखळी दिसते, त्यामुळे समोरच्याला ती बोलण्याशिवायही कळते. शेवटचा मुद्दा मात्र या साखळीत बसत नाही, कारण तो उपाय आहे. त्याला Heading 1 करून स्वतंत्र स्लाइड द्यायला हवी. उपटण्याचं काम कधी केलं, नांगरणी कशी केली, कोणती रोपं लावली आणि त्यानंतर मासे कसे वाढले, हे त्याच्याखाली येईल. ही गोष्ट आराखड्यात चटकन दिसते. पाच पानं वाचताना ती कुणाच्या लक्षात आली नसती.

पुढची चाचणी सोपी आहे. Show Level मध्ये Level 2 निवडा. आता जे दिसतं तेच पॉवरपॉइंटमध्ये जाणार आहे, त्यामुळे ते मोठ्याने वाचा. कुठे अर्थ तुटला, तर परिच्छेदात उत्तर आहे पण वर आलेलं नाही, असं समजा. रिकाम्या ओळीला चुकून Heading 1 लागलं असेल तर तिची कोरी स्लाइड होते, तीही इथेच सापडते. एखाद्या प्रकरणाखाली सहापेक्षा जास्त मुद्दे दिसले, तर त्याच्या दोन स्लाइड कराव्या लागतील. ओळीवर किंवा तिच्या अधिक चिन्हावर थांबून ऑल्ट, शिफ्ट आणि वरखाली बाण दाबले की क्रम बदलतो. डावा-उजवा बाण पातळी बदलतो.

आता फाइल जतन करा आणि वर्डमधून बंद करा. उघडी ठेवली, तर पॉवरपॉइंट अनेकदा ती वाचायला नकार देतं. मग Slides from Outline. स्लाइड आल्या की डावीकडच्या छोट्या चित्रांच्या पट्टीत सगळ्या स्लाइड निवडा आणि Home वरचं Reset दाबा. वर्डच्या शीर्षकांचे निळे रंग आणि फाँट स्लाइडवर येतात, Reset ते काढून टाकतं आणि मजकूर तुमच्या साच्यात बसतो.

इथे या वाचकांसमोर दुसरं संकट आलं, आणि ते मराठीत लिहिणाऱ्या अनेकांसमोर येतं. अहवालाची काही पानं जुन्या टंकलेखनातली होती, कृतिदेवमध्ये. स्लाइडवर ती आधी नीट दिसत होती. Reset दाबताच ‘तलाव’च्या जागी `ryko` अशी अक्षरं आली. कृतिदेवची अक्षरं आत इंग्रजीच असतात, फाँटमुळे ती देवनागरी दिसतात. Reset ने फाँट बदलला आणि आतली अक्षरं उघडी पडली. Reset आधीही ही पानं ओळखता येतात. पॉवरपॉइंटच्या View → Outline View मधली आराखड्याची पट्टी मजकूर बहुधा साध्या फाँटमध्ये दाखवते. Show Text Formatting बंद असेल, तर कृतिदेवचा मजकूर तिथे लगेच इंग्रजी अक्षरांत दिसतो. इलाज वर्डमध्येच करावा. ती पानं युनिकोडमध्ये बदलून घ्या, जोडाक्षरं तपासा आणि मगच फाइल पॉवरपॉइंटकडे द्या. स्लाइडवर दुरुस्ती करत बसलात, तर प्रत्येक वेळी अहवाल नव्याने घेताना ते काम पुन्हा करावं लागेल.

उरलेलं काम पॉवरपॉइंटच्या Outline View मध्ये होतं. समजा एका स्लाइडवर आठ मुद्दे आले. पाचव्या मुद्द्याच्या सुरुवातीला कर्सर ठेवून शिफ्ट आणि टॅब दाबा. तो मुद्दा नव्या स्लाइडचं शीर्षक होतो आणि त्याखालचे तीन मुद्दे त्याच्याबरोबर जातात. उलट, शीर्षकावर नुसतं टॅब दाबलं, तर ती स्लाइड आधीच्या स्लाइडमध्ये मिसळते. तिच्यावर तलावाचं छायाचित्र किंवा टिपणं असतील, तर ती जातात. म्हणून पातळ्यांचा सगळा फेरफार छायाचित्रं लावण्याआधी उरकून घ्या.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. आराखड्याच्या पट्टीत फक्त साच्याच्या ठरलेल्या चौकटींमधला मजकूर दिसतो. वेगळी मजकूर-पेटी काढून लिहिलेलं तिथे येत नाही. स्लाइडवर ओळ आहे आणि पट्टीत नाही, म्हणजे ती पेटीत आहे. पुढे साचा बदलला, तर ती जागची हलणार नाही.

राहिले मूळ परिच्छेद. ते वाया गेलेले नाहीत. आपण मुद्दा परिच्छेदाच्या डोक्यावर लिहिला होता, त्यामुळे कोणत्या मुद्द्याचा तपशील कुठे आहे हे त्या प्रतीत दिसतं. तो परिच्छेद त्या त्या स्लाइडच्या टिपणांत नकलून ठेवा. स्लाइडवर ‘गाळ साचून कडा उथळ झाल्या’ एवढंच राहील. जिल्हा परिषदेत कुणी ‘किती गाळ, कोणत्या बाजूला?’ असं विचारलं, तर उत्तर टिपणात हाताशी असेल.

पुढच्या भागात स्लाइड मास्टर नक्की घेतो. त्याआधी या वाचकांनी आठही प्रकरणांचा Level 2 आराखडा एका पानावर छापून पाठवावा. आपण त्यावरून शीर्षकाच्या चौकटीत किती ओळी मावतात ते पाहू. मराठी विधानं इंग्रजी शीर्षकांपेक्षा लांब होतात आणि साच्यातली चौकट त्यांना अपुरी पडते, त्यामुळे मास्टरमध्ये पहिला बदल तिथेच करायचा आहे.